साबुदाण्यात पाणी कोणी घातलं?

आमच्या कळमदऱ्याचे पुरुष हिवरे बाजारला सहल करून आले आणि तेव्हापासून गावात सगळं ग्रामसभेत ठरतं. तिथल्या लोकांनी डोंगराला चर खणले, झाडं जगवली, पाणी अडवलं. आमच्या माणसांनी ते सगळं हिंडून पाहिलं, फोटो काढले, चहा घेतला आणि त्यातलं आपल्याला जमण्यासारखं काय, याचा विचार करत टेम्पोत बसून परत आले. चर खणायला घाम गाळावा लागतो, सभेला सतरंजी पुरते. मग सभाच घ्यायची असं ठरलं. हल्ली डीजे कधी बंद करायचा, गावात नवा रंग कोणत्या भिंतीला द्यायचा, वाढदिवसाच्या बोर्डावर कोणाचा फोटो आधी, हे सगळं हात वर करून ठरतं. पाणी मात्र अजून होतं तिथंच आहे.

मी सत्यशीला. इथली अंगणवाडी माझ्याकडे आहे आणि माझं घर वरच्या वस्तीवर आहे. वरची वस्ती म्हणजे महादेवाचं देऊळ आहे त्या टेकडीवरची घरं. खाली गावात नळ आला, टेकडी चढायला मात्र त्याला कोणी शिकवलं नाही. आम्ही बाया खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडे घेऊन चढतो. दरवर्षी निवडणुकीला पाईप येतो म्हणतात, आणि दरवर्षी निवडणूकच येते.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. अंबिका निवडून आली. निवडून आली ती, पण हार घातले तिच्या नवऱ्याला, केदारला. ग्रामपंचायतीत खुर्चीवर तोच बसतो, फोनवर "सरपंच बोलतोय" असं तोच म्हणतो आणि अंबिकाने सही कुठं करायची ते बोट ठेवून तोच दाखवतो. कोणी हटकलं तर म्हणतो, "अहो, आमी दोघं काय वेगळे हाय का?" सहीला मात्र वेगळे असतात.

अंबिकाचं माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या बाया टेकडीवर पाणी चढवताना पाहून ती रडली होती, हे मी पाहिलंय. सरपंच झाल्यावर तिच्या मनात एकच गोष्ट होती: गावाला आलेला निधी महाशिवरात्रीच्या सभेत वरच्या वस्तीच्या पाईपला लावायचा. केदारच्या मनात वेशीवर कमान होती. सिमेंटची, दोन बाजूंना दोन सिंह आणि मधे नाव. कोणाचं नाव ते सांगायला नको.

"या सभेला मी बसनार खुर्चीवर," अंबिका चार माणसांत म्हणाली.

केदार हसला. तो रागावत नाही, हसतो, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. "बस की," तो म्हणाला. "पर आधी शिवरात्रीची खिचडी तुज्याकडं. सगळ्या गावाची. खिचडी मोकळी झाली तर सभा तुजी. गोळा झाला तर मी हायेच."

सगळे माना डोलवून हसले. केदारने स्वतः आजवर एक कप चहा केलेला नाही, तरी तो खुर्चीवर बसायचा, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं. पण अंबिका "चालंल" म्हणून मोकळी झाली होती.

नगरहून पोतंभर साबुदाणा आला. अंबिकाने तो लगेच भिजत टाकला नाही. त्यातला मूठभर आधी घरी वाटीत भिजवून पाहिला. साबुदाणा दुकानागणिक वेगळा असतो, एखादा पाणी पितच राहतो, एखादा जरा जास्त झालं की विरघळतो. हा दुसऱ्या जातीचा निघाला. म्हणजे हात आखडूनच पाणी घालायचं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, देवळामागच्या स्वयंपाकाच्या खोलीत आम्ही बसलो. वस्तीवरच्या बायांनी सकाळपासून पाणी चढवून दोन्ही पिंपं भरून ठेवली होती. साबुदाणा वीसेक पसरट घमेल्यांत थोडा थोडा वाटून घेतला. खोल पातेल्यात ढीग केला की वरच्या वजनाने तळाचा दाणा दबतो, लगदा होतो. मग धुतला. चोळायचं हलक्या हाताने, पहिलं पाणी दुधासारखं येतं ते ओतून द्यायचं, परत धुवायचं, पांढरेपणा निघून गेला की थांबायचं. तीच पांढरी भुकटी अंगावर राहिली तर दाणे एकमेकांना चिकटतात. धुतलेलं पाणी वाया नको म्हणून आम्ही बेलाच्या झाडाला घातलं. मग सगळं निथळून नवीन पाणी घातलं, दाणे जेमतेम बुडतील एवढंच. झाकून ठेवलं आणि गप्पा मारल्या.

दिवस मावळायच्या आत झाकणं काढून आम्ही प्रत्येक घमेलं एकदा खालीवर केलं. पाणी सगळं आत गेलं होतं. दाणे फुगून सुटे झाले होते, दाणा बोटांत दाबला की चपटा व्हायचा, अगदी मधे थोडी कणी लागायची. ती सकाळपर्यंत आपोआप मुरते.

"ताई, वरून कोरडा दिसतोय," अंबिका म्हणाली.

"दिसायलाच पाहिजे," मी म्हटलं. "आता थेंब घालायचा नाही."

"न्हाई घालत," ती म्हणाली, पण झाकण ठेवताना तिने घमेल्याकडे असं पाहिलं की मला तिची कीव आली. एवढा मोठा दाब त्या बिचाऱ्या साबुदाण्यावर. मग ती गाईच्या धारा काढायला खाली गेली आणि मी घरी स्वयंपाकाला. देवळात भजन होतं. पुरुष तिथं जमायला लागले होते.

सकाळी आम्ही झाकणं उघडली.

पहिल्या घमेल्यात दाणा नव्हताच. खळ होती. अंबिकाने हात घातला आणि वर काढला तेव्हा बोटांना सगळं लोंबत आलं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात बाजूचा साबुदाणा थोडा शाबूत होता, मधे मात्र शिजल्यासारखा पारदर्शक गोळा झाला होता. चुलीवर न चढता शिजलेला साबुदाणा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. अंबिका मटकन खाली बसली. रडली नाही. ओलं बोट नुसतं पदराला पुसत राहिली.

"माजंच चुकलं असंल, ताई," ती म्हणाली. "जास्त झालं असंल पानी."

मला रडू आलं, खरं सांगते. सगळं बरोबर केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी ही बाई पहिली चूक स्वतःच्या पदरात घेत होती. एवढ्यात बटाटे धुवायला म्हणून मी पिंपाचं झाकण काढलं आणि थबकले. काल सांजेला बायांनी परत काठोकाठ भरून दिलेलं पिंप अर्धं झालं होतं. दुसरं तर तळाला गेलेलं.

अंबिका उठून आली, पिंपात वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

तेवढ्यात केदार आला. पांढरा शर्ट, कपाळाला भस्म. घमेल्यांकडे नजर टाकून हसला. "म्या म्हनलं न्हवतं? जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नको. सगळ्यांलाच सगळं येत न्हाई. फराळाला केळी मागवतो. आता सभा उरकून घेऊ."

"घ्या," अंबिका म्हणाली.

देवळापुढे सतरंज्या पडल्या. सगळं गाव उपाशी होतं, त्यामुळे सभेला गर्दी बरी होती. केदार खुर्चीवर बसला. शेजारी ग्रामसेवक हेमचंद्र बसले. ते नगरहून येतात आणि कुठल्याही विषयावर मोबाईल काढून बघतात. केदारने कमानीचा विषय काढला, सिंहांचं तोंड गावाकडं असावं की रस्त्याकडं, यावर दोन म्हाताऱ्यांत वादही जुंपला. तेव्हा अंबिका घमेलं उचलून मधे आली आणि नंदीपुढे ठेवलं.

"मला एक इचारायचंय," ती म्हणाली. "हे काल सांजच्याला मोकळं हुतं. रातच्याला ह्यात पानी कुनी घातलं?"

आमच्या नंदीचं एक आहे. त्याच्या पाठीवर हात ठेवून कळमदऱ्यात कोणी खोटं बोलत नाही. बांध कोरला, बैल विकला, भाऊबंदाची जमीन दाबली, सगळे तंटे तिथं मिटतात. म्हणूनच सभेला पुढारी नंदीपासून जरा लांब बसतात. आता मात्र सगळ्यांची नजर त्या दगडी पाठीकडे गेली आणि सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली.

शेवटी भिमाजी नाना उठले. गावातलं सगळ्यात थोरलं माणूस, पावसापासून लग्नाच्या मुहूर्तापर्यंत सगळ्यातलं त्यांना कळतं, निदान ते तसं सांगतात. त्यांनी नंदीवर हात ठेवला. "येक तांब्या म्या घातला," ते म्हणाले. "प्रत्येक घमेल्यात. कोरडा पडला हुता, पोरी. म्हनलं, वाळंल."

"नाना, तुमी कदी साबुदाना भिजवलाय?"

"न्हाई. पर खाल्लाय लई."

लोक हसले. हसण्याच्या भरात उपसरपंच अजिनाथलाही धीर आला. तो पुढे आला. "दोन दोन मग माजं, दरेकात. म्या आलो तवा बी जरा कोरडाच वाटला. घमेल्याचा तळ बघितलाच न्हाई, वरूनच घातलं."

मग अंबिकाची सासू झुंबरबाई उठली. ती आपणहून आली, कोणी नाव घेतलं नव्हतं. "म्या बी घातलं," ती नंदीला हात लावून पुटपुटली. "सून चुकली तर घराची लाज जाईल, म्हनून."

"आत्याबाई, मी चुकले हुते का?"

"मला काय ठावं? उघडून कोन बघतंय? म्या नुसतं घातलं."

आता हेमचंद्रांना बसवेना. शिकलेला माणूस, त्यात ग्रामसेवक, नंदीवर विश्वास नाही असं ते चारचौघांत सांगतात, पण हात ठेवताना त्यांचा आवाज बारीक झाला. "मी कोमट पाणी घातलं," ते म्हणाले. "मोबाईलवर होतं की कोमट पाण्यात लवकर भिजतो. चहाच्या पातेल्यात गरम केलं. थोडं जास्त गरम झालं होतं बहुतेक."

तो मधला शिजलेला गोळा कुठून आला ते मला तेव्हा कळलं. भिजलेल्या साबुदाण्यावर गरम पाणी ओतणारा माणूस आमच्या गावाचे दाखले देतो, हेही कळलं.

"आनखी?" अंबिकाने विचारलं.

 हळूहळू सगळे केदारकडे बघायला लागले. त्याने शर्टाची कॉलर नीट केली, खुर्चीवरून उठला आणि अगदी निवांतपणे चालत नंदीपाशी आला. हात ठेवला. "महादेवाच्यान सांगतो. म्या एक थेंब घातला न्हाई. रातच्याला त्या खोलीत पाऊलसुदिक टाकलं न्हाई."

ते खरं होतं. ते खरं आहे हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. अंबिकाचा चेहरा पडला. आता हा परत खुर्चीवर जाऊन बसणार, सिंहांची तोंडं ठरणार, आणि उद्या पहाटे आम्ही आपले हंडे घेऊन उतरणार.

केदारने हात उचलायच्या आधीच भिमाजी नाना म्हणाले, "आरं पर केदार, तूच तर मला भजनातनं उठवलं. म्हनला, नाना, साबुदाना कोरडा पडलाय, तिला काय कळत न्हाई, जरा बघून या."

"आरं, मला बी तेच म्हनला," अजिनाथ म्हणाला. "म्हनला, अजून कुनी बघितलंच न्हाई."

"मलाही," हेमचंद्र म्हणाले. "मला म्हणाले, साहेब, तुम्ही शिकलेले आहात."

 झुंबरबाईने नुसतं पोराकडे पाहिलं. ते पाहणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

केदारचा हात अजून नंदीवरच होता. हात काढला असता तरी चाललं असतं, पण मग सगळ्या गावाला उत्तर मिळालं असतं. अंबिका त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी म्हनलात का तसं?"

"म्हनलो असंल."

"असंल न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"का?"

केदार पहिल्यांदा हसला नाही. घमेल्यातल्या लगद्याकडे बघत राहिला. "तू खुर्चीवर बसली असती," तो म्हणाला, "तर मला काय काम उरलं असतं?"

सतरंजीवरचं हसू बंद झालं. माझा राग कुठं गेला नाही, पण तो एवढं खरं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. एवढा गावभर हिंडणारा, फोनवर खाकरून बोलणारा माणूस, आणि आत एवढंच होतं. अंबिकालाही ते लागलं असावं.  मी घाबरले की ही आता विरघळते.

"काम हाय की," ती म्हणाली. "ह्या लगद्याची खिचडी आता व्हायची न्हाई. बटाटे उकडून ह्यात मळून, कूट घालून थालीपिठं थापता येतील. पर बटाट्याला पानी न्हाई, घमेली घासायला न्हाई, गावाला प्यायला न्हाई. पिंप तुमी सगळ्यांनी मिळून रिकामं केलं. वस्तीवरच्या बायांनी डोक्यावरनं चढवलेलं पानी हुतं ते. कुनाच्या डोक्यावरनं आलं, ते घालताना कुनी इचारलं का?"

 वस्तीवरच्या बाया एकीमागून एक उठल्या, आपापल्या घरी गेल्या आणि रिकामे हंडे आणून त्यांनी नंदीपुढे ठेवले. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. माझाही हंडा त्यात होता, सांगायला लाज कशाची.

"जेवढं घातलं तेवढं आना," अंबिका म्हणाली. "नाना, तुमी बसा. तुमचं वय झालं. तुमच्या वाटनीचं बी केदारच आनतील. आत्याबाई, तुमी कूट करा. पानी आलं की सभा पुढं चालू."

भिमाजी नानांना बसायला सांगितल्याचा अपमान वाटला, पण टेकडीकडे बघून तो त्यांनी गिळला. अजिनाथ, हेमचंद्र आणि केदार हंडे घेऊन निघाले. सगळं गाव टेकडीच्या कठड्यावर येऊन उभं राहिलं. पुरुषांनी हंडा डोक्यावर घ्यायची रीत नाही, त्यामुळे तिघांना कुठं घ्यायचा तेच कळेना. अजिनाथने खांद्यावर घेतला, तो घसरला. हेमचंद्रांनी पोटाशी धरला आणि चालताना पुढचं दिसेना. पहिल्याच वळणावर निम्मं पाणी वाटेला गेलं. भरल्या हंड्याचं किती वजन होतं आणि त्या चढावर खडी पायाखालून कशी सरकते, हे वरून ओरडून सांगणारे आता शंभर जण होते, खाली जाऊन हातभार लावणारा एकही नव्हता.

आम्ही बाया आत गेलो. बाजूचा जो साबुदाणा शाबूत होता तो अंबिकाने अलगद वेगळा काढून चाळणीत निथळत ठेवला, मग त्याला कोरडं कूट चोळलं. कूट ओल ओढून घेतं आणि दाणे सुटे राहतात. त्याची जेमतेम एक कढई खिचडी झाली. ती लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना दिली. पहिला हंडा येईतो थांबलो, मग बटाटे चढवले. बाकीच्याची थालीपिठं थापली. काही तव्याला चिकटली, काही फाटली, पण मिरचीचा वास सुटला तसं गाव कठड्यावरून सरकत सरकत तव्याकडे आलं.

केदार खेपा करत राहिला. बाकीच्यांनी आपापली वाटणी टाकून सावली गाठली होती. त्याच्यावर नानांचीही वाटणी होती आणि आईचीही त्यानेच घेतली, कोणी न सांगता. हंडा त्याने कधी डोक्यावर घेतला मी पाहिलं नाही. शेवटच्या खेपेला मात्र डोक्यावर होता, खाली रुमालाची चुंबळ करून, दोन्ही हातांनी घट्ट धरून. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता, भस्म ओघळून नाकावर आलं होतं आणि पोटात सकाळपासून अन्न नव्हतं. त्याने पिंपात हंडा ओतला. पिंपातलं पाणी अजूनही काठाखाली हातभर होतं.

अंबिका तेव्हा खुर्चीवर बसली होती. कोणी बसवलं नव्हतं, आणि कोणी उठवलंही नाही. "सभा पुढं चालू," ती म्हणाली. "निधी कमानीला लावायचा का वरच्या पाइपाला? कमानीवाल्यांनी हात वर करा."

सतरंजीच्या टोकाला दोन हात वर झाले. ते दोघं खाली वेशीपाशी राहतात आणि खेपा बघायला कठड्यावर आलेही नव्हते. गावाने वळून केदारकडे पाहिलं. त्याचा हात पिंपाच्या काठावर होता. त्याने तो उचलला नाही.

"पाइपाला?"

केदार बोलणार होता, पण त्याला दम लागला होता. त्याने एक हात छातीवर दाबला आणि दुसरा वर केला. बराच वेळ तो तसाच वर ठेवून उभा राहिला, मोजून झालं तरी. मग अंबिकाने तव्यावरचं एक थालीपीठ ताटलीत घालून त्याच्यापुढे धरलं आणि तो पिंपापाशीच खाली बसून ते खाऊ लागला.